'वॉकेड', 'आस्केड', 'लाफेड': तोंडी परीक्षेत भूतकाळाचं शेपूट कुठे अडकतं

"मावशी, नियम मला पाठ आहे गं. तरी तोंडातून वॉकेडच बाहेर पडतं."

माझी भाची नर्सिंग करून आता आयेल्ट्सला, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेला, बसते आहे. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात दर तिसऱ्या घरात कुणी ना कुणी या परीक्षेच्या मागे असतंच, त्यामुळे संध्याकाळी माझ्या ओट्यावर अशी दोन-चार मुलं असतात. भूतकाळाच्या ई-डी चा उच्चार कसा करायचा, तो नियम तिने पाढ्यासारखा म्हणून दाखवला. अघोष, म्हणजे गळा न थरथरणाऱ्या, उच्चारानंतर ट, घोष, म्हणजे गळा थरथरणाऱ्या, उच्चारानंतर ड, आणि ट किंवा ड नंतर इड. एकही चूक नाही. मग मी तिला क्यू कार्ड दिलं, घरच्या कुणाबरोबर केलेल्या सहलीबद्दल बोल म्हटलं. परीक्षेत मिळतं तसं एक मिनिट तयारीला दिलं आणि फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

ती बोलली कमाटीबागेतल्या म्युझियमबद्दल. लहानपणी आजोबांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा बघायला गेली होती ती गोष्ट. गोष्ट छान होती, इंग्रजीही ठीक होतं. पण दीड मिनिटात ई-डी लागणारी चौदा क्रियापदं आली आणि त्यातली दहा बिघडली.

हे दुखणं मी वर्षानुवर्षं बघते आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय, की आपण औषध चुकीच्या जागी लावतो. ट, ड, इड हा तिपेडी नियम खरा आहे, पण आपल्या मुलांची चूक बहुतेक वेळा ट आणि ड यांच्यात नसतेच. ती कुठे असते ते या चौदा शब्दांवरूनच दाखवते.

आधी रेकॉर्डिंग ऐका, मग नियम काढा

एक खूण सांगून ठेवते. खाली मी शब्दाच्या शेवटी पाय मोडला आहे, जसं 'वॉक्ट्', तिथे शेवटचं अक्षर तोडून थांबायचं, मागे 'अ' ओढायचा नाही. याला कारण आहे, ते पुढे येईल.

भाचीने व्हिझिटिड, शाउटिड, वाँटिड आणि स्टेड् हे चार शब्द बरोबर म्हटले. वॉकेड, लुकेड, आस्केड, टचेड, लाफेड आणि प्रॉमिसेड या सहा शब्दांत शेवटी एक जादा स्वर घातला. क्रॉस्ट्, स्टॉप्ट् आणि एक्सप्लेन्ड् या तिघांचं शेपूट पूर्णच गिळलं, म्हणजे 'क्रॉस द रोड', 'स्टॉप निअर द गेट', 'एक्सप्लेन एव्हरीथिंग' असं. उरला एक शब्द, क्लोझ्ड्. तो तिने 'क्लोस्ट्' म्हटला.

म्हणजे ट म्हणायचा की ड, यावर घोटाळा झाला असा शब्द चौदांत एकच. सहा ठिकाणी शब्द लांबला आणि तीन ठिकाणी आखूड झाला. ट आणि ड मधल्या ज्या फरकाची ती घोकंपट्टी करत होती, तो या दहापैकी नऊ चुकांना शिवतसुद्धा नाही.

परीक्षकाच्या बाजूने बघा. आयेल्ट्सच्या बोलण्याच्या परीक्षेत चार गोष्टींना सारखे गुण असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, आणि उच्चार. बडोद्याचा मराठी-गुजराती हेल हा दोष धरत नाहीत, बोलणं सहज कळलं पाहिजे एवढंच असतं. पण 'लाफेड' ऐकल्यावर इंग्रजी कानाला एका तुकड्याच्या शब्दाचे दोन तुकडे झालेले ऐकू येतात आणि तो क्षणभर अडखळतो. आणि 'यस्टर्डे ही एक्सप्लेन एव्हरीथिंग' ऐकल्यावर त्याला उच्चाराची चूक वाटतच नाही, काळाची वाटते. तुम्हाला भूतकाळ येत असतो आणि गुण मात्र व्याकरणातून जातात. त्यामानाने 'क्लोस्ट्' बऱ्याचदा कानावरून निघून जातो.

खरा प्रश्न एकच

म्हणून मी मुलांना तिपेडी नियम बाजूला ठेवायला सांगते. बोलताना स्वतःला एकच गोष्ट विचारायची: या क्रियापदाचा शेवटचा उच्चार ट किंवा ड आहे का? असेल तर एक तुकडा वाढतो, वाँट-इड, डिसाइड-इड, इन्व्हाइट-इड. नसेल तर काही वाढत नाही. वॉक एका तुकड्याचा, वॉक्ट्ही एकाच तुकड्याचा.

मग ट की ड हे कोण ठरवणार? तुमचं तोंड. आत्ताच करून बघा. 'वॉक्' म्हणा आणि मध्ये स्वर न आणता, न थांबता त्याला 'ड्' चिकटवा. होत नाही. एकतर क चा ग होऊन 'वॉग्ड्' होतं, नाहीतर ड चा ट होऊन 'वॉक्ट्'. क म्हणताना गळा थरथरत नाही आणि ड ला थरथर लागते, दोन्ही एकाला एक लागून आले की एकाला वाकावं लागतं. इंग्रजीत मागचा आवाज राहतो आणि शेपूट वाकतं. हनुवटीखाली गळ्यावर दोन बोटं ठेवून 'फ्फ्फ' आणि मग 'व्व्व' असा दात ओठावर टेकवून आवाज काढा, थरथरीतला फरक बोटांना कळेल. इंग्रजीतल्या घोष-अघोषाचा सगळा पसारा एवढाच आहे.

माझं ऐच्छिक संस्कृत होतं, म्हणून इथे थोडं विषयांतर करते. ज्यांना शाळेत 'क्त' प्रत्यय शिकवला त्यांना हा प्रकार नवा वाटायला नको. मुच् ला त लागून मुक्त झालं, तिथे त तसाच राहिला. बुध् ला तोच त लागला तर बुद्ध झालं, मागच्या घोष आवाजाने त ला ओढून घोष केलं. आणि लिख् ला लागताना मध्ये इ आला, लिखित. मुक्त, बुद्ध, लिखित. वॉक्ट्, प्लेड्, वाँटिड. संस्कृतात तो इ कधी येतो त्याचे नियम वेगळे आहेत, ते इथे आणू नका. पण तोंडाची रीत तीच. भाचीच्या आजोबांना हे इतकं आवडलं, की तेव्हापासून ते तिला 'मुक्त म्हण, मुकेत नको' असं ओरडतात.

आता तुम्ही म्हणाल, म, न, ल किंवा स्वर यांच्यानंतर तर दोन्ही म्हणता येतं, 'स्टेड्' पण आणि 'स्टेट्' पण. खरं आहे. तिथे तोंड आपोआप ठरवत नाही, तिथे ड च म्हणायचा. पण आपली मुलं तिथे चुकत नाहीत, कारण शेवटचा डी त्यांना दिसतच असतो. भाचीचा 'स्टेड्' पहिल्याच फेरीत बरोबर होता. 'लर्न्ट्', 'बर्न्ट्' असे टी ने लिहिलेले जे आहेत, ते ट नेच म्हणावेत.

गेस्ट, बँड, सॉलिड

जादा स्वर तोंडात घट्ट बसतो तो वाचनामुळे. शाळेच्या वहीत आपण शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहायचो आणि तिथे 'वॉकेड' असंच लिहिलेलं असायचं. मला शिकवणाऱ्यांनीही तसंच लिहून दिलं होतं. डोळ्याला ई दिसतो, हात मात्रा देतो, तोंड ती वाचतं.

हे मोडायला नवे शब्द पाठ करत बसू नका. जे शब्द मराठीत रोज, न चुकता म्हणता त्यांच्यावरच भार टाका. मी तीन निवडलेत.

'गेस्ट हाउस' मधला गेस्ट. अंदाज केला याचं इंग्रजी रूप अगदी असंच उच्चारतात, गेस चं गेस्ट्. स्पेलिंग वेगळं, आवाज एक. कुणी 'गेसेट हाउस' म्हणत नाही ना? मग 'गेसेड' पण नको.

लग्नातला बँड. बॅन केलं, बंदी घातली, याचा उच्चार तोच, बँड्. 'बॅनेड' म्हणावंसं वाटलं की मांडवापुढचे बँडवाले आठवायचे. बोर झालो मधल्या बोर चं तसंच, ते 'बोर्ड्', दहावीच्या बोर्डासारखं.

आणि इड साठी आपलं 'सॉलिड'. सिनेमा सॉलिड होता म्हणताना शेवटचा 'लिड' जसा हलका आणि आखूड येतो, तसाच वाँटिड, नीडिड, स्टार्टिड मधला 'टिड'-'डिड'. आपण 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणताना टे वर जो जोर देतो तो नको. चुकीचं ठरत नाही ते, पण एकदा टे तोंडात बसला की वॉकेड, लुकेड यांना मागच्या दाराने परत आणतो, असं मी पाहिलंय.

तपासायला हनुवटीखाली तळहात आडवा धरा. प्रत्येक स्वराला जबडा खाली येतो आणि हाताला लागतो. 'लुक्ट्' ला एकदा लागला पाहिजे, 'शाउटिड' ला दोनदा. भाचीला हे आरशासमोर करायची लाज वाटत होती. मग आजोबांनी टाळ काढले. ते भजनी मंडळात टाळ धरतात आणि इंग्रजी त्यांना बेताचंच येतं. ती एकेक शब्द म्हणे, ऐकू येतील तेवढे ठोके ते देत. 'आस्केड', दोन ठोके. पुन्हा 'आस्केड', दोन ठोके. चौथ्यांदा एकच ठोका पडला आणि दोघंही हसायला लागली. इंग्रजी न येणारा माणूस या कामाला फार चांगला, कारण त्याला काय ऐकायचंय ते आधीपासून ठाऊक नसतं. आपलं आपण ऐकलं की मेंदू चुकीवर पांघरूण घालतो.

डोळ्याला दिसतं ते नाही, कानाला येतं ते

क्रियापदाचा शेवट ठरवताना स्पेलिंग बघू नका. 'लाफ' च्या शेवटी लिहितात जी-एच, म्हणतात फ, म्हणून लाफ्ट्, आपल्या 'ड्राफ्ट' सारखं. 'फिक्स' च्या शेवटी क्स, म्हणून फिक्स्ट्. 'होप' च्या शेवटी ई लिहितात आणि उच्चार प वर संपतो, म्हणून होप्ट्.

सगळ्यात जास्त फसवतो तो एस. 'प्रॉमिस' मध्ये तो स आहे, म्हणून प्रॉमिस्ट्. 'क्लोझ' या क्रियापदात तो झ आहे, झाडातल्या झ च्या जवळचा, म्हणून क्लोझ्ड्. भाचीची ती एक चूक इथली होती. तिचं ई-डी बरोबरच वागलं होतं, तिने आधीच 'क्लोस' म्हटल्यामुळे शेपटाला ट होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 'यूझ', 'रेझ', 'प्लीझ', 'अ‍ॅडव्हाइझ' हे सगळे झ वाले. मूळ क्रियापद नीट म्हणा, शेपूट आपोआप सुधारतं.

'श' वर संपणारे फिनिश, वॉश, पुश यांना अवघड समजतात, पण आपल्याकडे 'कष्ट' आहे. फिनिश्ट् चा शेवट हा कष्ट मधला ष्ट, फक्त मागचा अ कापून. टच्ट् मात्र खरोखर अडतो, च ला ट जोडताना जीभ मध्ये स्वर शोधते. त्याला पुढच्या भागातला उपाय लागतो.

गिळलेलं शेपूट आणि ओढलेला 'अ'

आता उरल्या त्या तीन चुका, जिथे शेपूटच नाहीसं झालं. हीच पोरं जादा स्वर काढायला शिकली की दुसऱ्या टोकाला जातात आणि ट-ड संपूर्ण गाळतात. 'मिस्ड कॉल' चं आपण 'मिस कॉल' करून टाकलंय, 'फिक्स्ड डिपॉझिट' चं 'फिक्स डिपॉझिट', तीच सवय.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर इंग्रज लोकही ट अर्धवटच म्हणतात. 'क्रॉस्ट् द रोड' मध्ये स, ट आणि द एका ओळीत येतात, तिथला ट घाईत बहुतेकांचा हरवतो. 'स्टॉप्ट् निअर' मध्ये जीभ ट च्या जागी टेकते आणि न सुटता न वर जाते. त्यामुळे भाचीच्या या दोन शब्दांवर मी वेळ घालवला नाही. जीभ तिथे टेकव, एवढंच सांगितलं. पण 'एक्सप्लेन एव्हरीथिंग' ला माफी नाही. पुढे स्वर आहे, तिथे ड स्वच्छ ऐकू यायलाच हवा, आणि परीक्षकाला काळ कळतो तो अशाच ठिकाणी.

उपाय असा, की ट-ड मागच्या शब्दाचा समजूच नका. तो उचलून पुढच्या शब्दाच्या तोंडाशी ठेवा:

वॉक्ट् इन: वॉक्-टिन
लुक्ट् अ‍ॅट: लुक्-टॅट
एक्सप्लेन्ड् एव्हरीथिंग: एक्सप्लेन्-डेव्हरीथिंग
टच्ट् इट: टच्-टिट
क्लोझ्ड् अ‍ॅट फाइव्ह: क्लोझ्-डॅट फाइव्ह
प्रॉमिस्ट् अस: प्रॉमिस्-टस

'वॉक्-टिन' म्हणताना टिनाचा डबा आठवा, अगदी तसा टिन. बघा, यात एका दगडात तिन्ही पक्षी मरतात. जादा स्वराला जागा उरत नाही, शेपूट गिळता येत नाही, आणि टच्ट् सारख्या शब्दात च नंतर ट ला हक्काचा स्वर मिळतो. माझ्या अनुभवात मुलांना आठवड्याभरात फरक पडतो तो या एका गोष्टीने, नियमाने नाही.

सराव करताना मात्र जोडी नीट निवडा. सुरुवातीचे तीन-चार दिवस पुढे स्वर असलेल्याच जोड्या घ्या: इन, अ‍ॅट, इट, अस, अप, आउट, अवे. व्यंजनाच्या जोड्या नंतर.

आता पाय मोडायचं कारण. मुक्त, शब्द, कष्ट हे आपण मराठीत पूर्ण 'अ' सह म्हणतो. जोडाक्षराने शब्द संपला की तोंड सवयीने मागे 'अ' लावतं. त्यामुळे वॉकेड सोडून दिलेली मुलगी 'वॉक्ट' म्हणताना 'वॉक्टऽ' म्हणू लागते. तुकडे पुन्हा दोन, फक्त स्वर मधून उठून शेवटी गेला. हे चटकन लक्षात येत नाही, कारण तिने ई काढून टाकलेला असतो आणि तिला वाटतं काम झालं. टाळाचे ठोके इथे खोटं बोलत नाहीत. वाक्याच्या शेवटी, जिथे पुढे शब्दच नाही, तिथे ट म्हणून जीभ वर टाळूलाच धरून ठेवा, सोडू नका. 'गेस्ट' हा शब्द आपण असा बंद म्हणू शकतो, म्हणून तर तो निवडला.

'आस्क्ट्' बद्दल वेगळं सांगते, कारण तोंडी परीक्षेत तो हमखास येतो. स, क, ट असे तीन आवाज एकत्र. भरभर बोलताना पुष्कळ इंग्रजही क सोडून 'आस्ट्' म्हणतात, 'लास्ट' च्या यमकातला. तेच म्हणा. 'आय आस्ट् इफ' म्हणजे 'आस्-टिफ'. 'आस्केड' पेक्षा हे शंभर पटीने बरं.

सुधारताना होणारे नवे घोटाळे

दुसऱ्या आठवड्यात भाचीचे वॉकेड-लुकेड गेले आणि त्यांच्याबरोबर बरोबर असलेले व्हिझिटिड, वाँटिडही गेले. ती 'आय वाँट टु सी इट' म्हणायला लागली, इड सकट सगळं काढून. असं होतंच. जादा स्वर काढायच्या भरात हक्काचा स्वरही निघतो. मूळ शब्दच ट किंवा ड वर संपतो तिथे दुसरा तुकडा लागतोच, हा एकमेव प्रश्न पुन्हा विचारायचा. आम्ही मग दोन-दोन शब्द जोडीने म्हटले: वॉक्ट्-वाँटिड, लाफ्ट्-लँडिड, स्टेड्-स्टार्टिड. एक ठोका, दोन ठोके.

नियमाला न जुमानणारे काही शब्द आहेत, ते विशेषण म्हणून येतात: नेकिड, विकिड, क्रुकिड, रॅगिड. यांत क आणि ग नंतरही इड आहे. विद्वान या अर्थाने 'लर्निड', पण शिकला या क्रियापदाला 'लर्न्ड्' किंवा 'लर्न्ट्'. आजोबांबद्दल बोलणाऱ्याला 'एज्ड्' लागतो, आणि तो दुतोंडी आहे. 'माय एजिड ग्रँडफादर' म्हणताना दोन तुकडे, वय सांगताना 'एज्ड् सेव्हंटी-एट' म्हणजे एकच. भाचीला मी तो वापरूच नको म्हटलं. 'ओल्ड' म्हण, सुटशील.

आणि 'पूर्वी असं करायचो' याचं 'यूस्टु'. त्यात झ नाही, ड नाही, दोन शब्द एकात मिसळून यूस्टु. आजोबा पूर्वी आम्हाला बागेत न्यायचे, हे सांगताना तिचं 'यूझेड टु' येत होतं. वापरलं या अर्थाचा 'यूझ्ड्' वेगळा, तो झ आणि ड चा.

सराव किती आणि कसा

रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहिली पाच मिनिटं सहा जोड्या, प्रत्येकी दहादा, टाळावर. उरलेल्या पाच मिनिटांत तीच म्युझियमची गोष्ट, दर वेळी थोडी वेगळ्या वाक्यांत. पाठ केलेली गोष्ट परीक्षेत उपयोगी पडत नाही आणि परीक्षकाला कळतेही. पाठ करायच्या आहेत त्या 'वॉक्-टिन' सारख्या जोड्या, त्या कुठल्याही गोष्टीत बसतात.

मोठ्याने वाचून सराव करू नका, निदान पहिले दोन आठवडे. पान समोर आलं की डोळा ई वाचतो आणि मात्रा परत येते. तुमच्या तोंडी परीक्षेत उतारा वाचायचाच असेल, तर आदल्या दिवशी सरावाच्या उताऱ्यात ई-डी च्या ई वर पेन्सिलीने काट मारा, फक्त ट-ड वर संपणाऱ्या शब्दांचा ई तसाच ठेवा. डोळ्याला काटलेला ई दिसला की तोंड बरंच सुधारतं.

प्रत्यक्ष परीक्षेत मात्र यातलं काहीही आठवत बसू नका. शेपटाकडे लक्ष दिलं की माणूस प्रत्येक शब्दानंतर थबकतो, थबकला की पुढच्या शब्दाला जोडता येत नाही, आणि जोडता आलं नाही की वॉकेड परत येतं. शिवाय ओघाचे गुण जातात ते वेगळेच. चुकून 'लुकेड' निघालंच तर एकदा सरळ दुरुस्त करून पुढे जावं, दुसऱ्यांदा तेही करू नये.

तीन आठवड्यांनी तेच कार्ड देऊन पुन्हा रेकॉर्डिंग केलं. ई-डी ची क्रियापदं या वेळी सोळा आली, कारण तिने गोष्ट लांबवली होती. तेरा स्वच्छ होती. 'क्रॉस्ट् द रोड' मधला ट पुन्हा गेला होता, तो मी मोजला नाही. राहिले दोन. 'क्लोझ्ड्' अजून 'क्लोस्ट्' च होता, आणि देवमाशाच्या सांगाड्यापाशी येऊन, आवाज चढवून, उत्साहाच्या भरात ती म्हणाली 'आय टचेड द ग्लास'. आजोबांनी पलीकडच्या खोलीतून दोन ठोके दिले.